आभाराला मार्क नाहीत

साक्षीचं घोडं अडलं ते सहा मार्कांच्या उत्तरांवर. बारावी कॉमर्सचं सगळं यायचं तिला, पण पोट्टी एका दमात, एकाच परिच्छेदात ओतून मोकळी व्हायची. तपासणाऱ्यानं काय त्यात गळ टाकून बसावं? सप्लीमेंट्री आली, म्हणजे तोच पेपर पुन्हा. आता घसरली तर वर्ष वाया.

शंकर नगरच्या ट्यूशनला देवश्री मॅडमनं फळ्यावर लिहून दिलं: आधी प्रस्तावना, मग मुद्दे, शेवटी निष्कर्ष. हे घरी कळलं आणि तिचे आबाजी, म्हणजे आजोबा, रेल्वेतून रिटायर झालेले नत्थूजी, खाटेवरून ताडकन उठले. तीस वर्षं विहारातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांच्याचकडे.

"अवं, हे तं माह्यं काम आहे! मॅडमले काहून विचारते? मी शिकवतो तुले."

शिकवलं की हो! टेस्टमध्ये प्रश्न आला, व्यवस्थापनाची कार्ये स्पष्ट करा. साक्षीनं लिहिलं, 'आदरणीय परीक्षक महोदय आणि येथे जमलेल्या सर्व कार्यांनो!' पुढे नियोजनाचा ज्येष्ठ म्हणून परिचय, आणि शेवटी नियंत्रणाने वेळात वेळ काढल्याबद्दल मनःपूर्वक आभार. मुद्द्यांच्या वाट्याला एकेक ओळ. मार्क मिळाला एक.

दुसऱ्या दिवशी आबाजी वही घेऊन ट्यूशनमध्ये हजर. साक्षीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"काय कमी राहिलं, मॅडम? पुष्पगुच्छ?"

मॅडमनं कसंबसं हसू दाबलं. "काकाजी, प्रस्तावना दोन ओळी. व्यवस्थापन म्हणजे काय आणि त्याची पाच कार्ये आहेत, बस. मग नियोजन, संघटन, नियुक्ती, निर्देशन, नियंत्रण. प्रत्येकाचं शीर्षक, खाली रेघ, दोन-तीन ओळींत अर्थ, एखाद्या दुकानाचं उदाहरण. शेवटी, पाचही मिळून संस्थेला उद्दिष्टापर्यंत नेतात, असं दोन ओळींत. नवीन मुद्दा नाही."

"आन आभार?"

"आभाराला मार्क नाहीत."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. पण माणूस हट्टी! त्या दिवसापासून ते घड्याळ घेऊन साक्षीसमोर बसू लागले. तिनं एक शब्द जादा लिहिला की ओरडायचे, "काट तो!" स्वतःलाही ही सवय अशी लागली, की रविवारी विहारातला कार्यक्रम अठरा मिनिटांत आटोपला. प्रमुख पाहुणे अभनपूरहून पोहोचले, तेव्हा लोक सतरंज्या उचलून राहिले होते.

निकाल लागला. साक्षी पास! आबाजींनी आधी तेच विचारलं, "शेवटी कोनाचे आभार मानले?"

"कोनाचेच नाही, आबाजी."

आबाजी घड्याळाला किल्ली देत बसले. साक्षी उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "आदरणीय आबाजी, आज या शुभप्रसंगी, आपल्यासारखं थोर व्यक्तिमत्त्व..."

आबाजींनी डोळे पुसले.

"मुद्द्यावर ये, पोट्टी."