सायीच्या रंगाचे एप्रन

रेस्टॉरंट सुरू झाल्यानंतर सातव्या आठवड्यात गिऱ्हाइकांनी टाकलेल्या फोटोंत पुढील गोष्ट दिसली. दारात उभ्या असलेल्या तीन वाढप्यांचे एप्रन निळसर पांढरे होते. त्याच तिघांचे, त्याच दिवशी आतल्या दिव्यांखाली काढलेल्या फोटोंतले एप्रन सायीच्या रंगाचे होते. दारातून डोकावणाऱ्या आचाऱ्याचा एप्रन मात्र दोन्हीकडे सायीच्याच रंगाचा होता.

मालकाने फोन माझ्यासमोर टेबलावर सरकवला आणि बोटाने फोटो मोठा केला.

"पाटी सायीची, दार सायीचं, आणि माणसं कुठली? दवाखान्यातली! मॅडम, मला कंपाउंडर नको होते."

"उन्हात कॅमेरा रंग बदलतो," मी म्हणाले.

"मग आचाऱ्याचा का नाही बदलला? त्याला काय ऊन लागत नाही?"

प्रश्न बरोबर होता. एकाच चौकटीत, एकाच उजेडात दोन रंग दिसत असतील तर दोष कॅमेऱ्यावर ढकलता येत नाही.

"शेजारच्या कॉफीवाल्याचे एप्रन पांढरे आहेत," मालक पुढे म्हणाला. "काल चार जणांनी आमच्या ताटांच्या फोटोखाली त्याचं नाव टाकलं. ताटं आमची, नाव त्याचं!"

या गणवेशाची आखणी माझी होती. खूण म्हणून पालथ्या वाटीचे चित्र आणि तिच्याखाली विटकरी पट्टी. ही खूण मी छातीच्या मधोमध ठेवली नव्हती, कारण वाढपी ताट धरतो तेव्हा तीच जागा झाकली जाते. कमरेच्या खिशावरही नाही, कारण तिथे हातपुसणे लोंबते आणि बसलेले गिऱ्हाईक फोटो काढते तेव्हा कंबर टेबलाआड जाते. खूण डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या पट्ट्यालगत धाग्याने भरली होती. दुसरी, तिच्या दुप्पट मोठी, पाठीवर पट्टे जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या चौकोनावर होती, म्हणजे रस्त्यावर खुर्च्या मांडणारा माणूस पाठमोरा असला तरी पलीकडच्या फुटपाथवरून ओळखू यावा. मी स्वतः पलीकडे उभी राहून कागदी नमुने तीन मापांत तपासले होते. पण इतक्या दुरून खुणेच्या आधी रंग ओळखू येतो. रंगच चुकला तर बाकीची मापे वाया गेली.

"आता मी स्पष्ट बोलतो," मालकाने आवाज खाली आणला. "नमुना एका कापडाचा दाखवला, आणि शिवताना दोन कापडं वापरली. चांगलं कापड आत, हलकं दारात. तुमचे मामा आहेत म्हणून शांतपणे सांगतोय. नाहीतर दुसऱ्या शाखेचे सत्तर एप्रन शुक्रवारपासून दुसऱ्या टेलरकडे."

शिलाई माझ्या सख्ख्या मामाकडे दिली होती. त्याच्याकडे दोन बायका मशीनवर बसतात, आणि त्या सत्तर एप्रनांच्या भरवशावरच त्याने दुसरीला कामावर ठेवले होते. मालकाला हे माहीत नव्हते. मला माहीत होते, आणि म्हणूनच माझा मामावरचा विश्वास पुराव्यात धरता येत नव्हता. खरे सांगायचे तर तो विश्वास तेवढा पक्काही नव्हता. लहानपणी माझ्या फ्रॉकच्या आतल्या बाजूला त्याने दुसऱ्याच कापडाचे अस्तर लावले होते, आणि मी विचारल्यावर "आतलं कोण बघतंय?" असे म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. मामा गळ्यात टेप अडकवून खडूने कापडावर रेघ मारत होता.

"ये. चहा घेणार?"

"नको. सहज आले."

"तू सहज कधी येतेस? तुझी आई सुद्धा काम असल्याशिवाय फोन करत नाही, आणि तू तर तिच्या वरताण."

तो चहा सांगायला बाहेर गेला तेव्हा मी कातरणांच्या टोपलीतून सायीच्या रंगाच्या चार पट्ट्या पर्समध्ये टाकल्या. ठाणाच्या कडेचा शिक्का पाहिला. एकच ठाण, एकाच खेपेला रंगवलेले. अर्थात, दुसरे ठाण असते तर ते त्याने समोर ठेवले नसते.

"मिळालं का हवं ते?" मामा दारातच उभा होता.

"काय?"

"चिंध्या. पिशवी भरून देतो की. पर्समध्ये कोंबायची काय गरज?"

मी सगळे सांगितले. तो ऐकत राहिला. टेप गळ्यातून काढून बोटांना गुंडाळत राहिला.

"मालकाला वाटतंय ते वाटू दे," तो शेवटी म्हणाला. "तुला काय वाटतंय?"

"मला अजून काही वाटत नाही. मी तपासतेय."

"शाब्बास. म्हणजे मामा अजून आरोपी आहे." तो हसला, पण चहाचा कप माझ्यासमोर ठेवताना त्याने बशी दिली नाही. दुकानात पाहुण्याला तो बशी नेहमी देतो.

दुपारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर मी रेस्टॉरंटमध्ये पोहोचले. दारातला वाढपी आणि आचारी यांचे एप्रन टेबलावर शेजारी ठेवले. आतल्या दिव्याखाली फरक जेमतेम वाटावा इतकाच. खिडकीशी नेले तर एक सायीचा, दुसरा निळसर. तेवढ्यात मालक गल्ल्यामागून आला.

"थांबा. माझ्याकडे यंत्र आहे." त्याने नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला आणि दोन्ही एप्रन त्याखाली धरले. वाढप्याचा एप्रन निळा झगमगला. आचाऱ्याचा काळवंडल्यासारखा मंद राहिला, फक्त त्याच्या शिवणीचा पांढरा धागा उजळला.

"बघा!" मालक जवळजवळ आनंदाने ओरडला. "नकली नोट अशीच चमकते! नकली कापड. यंत्र खोटं बोलत नाही. बोलवा मामांना."

"यंत्र खोटं बोलत नाही, पण तुम्ही त्याला कापडाबद्दल विचारलेलंच नाही," मी म्हणाले. "जरा बाही पुढे करा."

त्याने नाइलाजाने हात दिव्याखाली धरला. त्याच्या शर्टाची पांढरी बाही एप्रनापेक्षा जास्त झगमगली. भांडी घासणारी मावशी मोरीच्या दारातून बघत होती; ती फिसकन हसली.

"मालक, तुम्हीपण नकली निघालात!"

"हा चांगला शर्ट आहे," मालक म्हणाला, पण बाही लगेच मागे घेतली.

दिवा फक्त एवढेच सांगत होता की कापडावर चमक देणारे काहीतरी आहे. ते ठाणात होते की नंतर आले, हे त्याला ठाऊक नव्हते. मी पर्समधून कातरणे काढली. चारही मंद. मग कपाटातून कधीच न वापरलेला, पिशवीबंद एप्रन मागवला. तोही मंद.

"कपाटातला चांगल्या कापडाचा असेल," मालक म्हणाला. "दाखवायला ठेवलेला."

संशय घेण्याची त्याची पद्धत मला आवडली नाही, पण ती चूक नव्हती. कातरणे मामाच्या टोपलीतली होती आणि पिशवी मामाने बंद केली होती. मामाच्या हातातून आलेली वस्तू मामाच्या बाजूने साक्ष देऊ शकत नाही. म्हणून निकाल चमकणाऱ्या एप्रनांवरच लागायला हवा होता.

मी तिघा वाढप्यांचे एप्रन मागवले आणि एकेक उलटा केला. गळ्याचा पट्टा दुहेरी घडीचा असतो; ती घडी शिवणीत बंद असते. मालकासमोर मी एका पट्ट्याची शिवण चार बोटे उसवली आणि घडी उलगडली. दिव्याखाली बाहेरची बाजू निळी झगमगली. आतली बाजू, त्याच सलग कापडाची, बरीच मंद होती. घडीवर निळे आणि मंद यांची सीमा दिसत होती.

"एकाच तुकड्यात दोन कापडं शिवता येत नाहीत," मी म्हणाले. "बाहेरून काहीतरी लागलंय. आत कमी पोहोचलंय."

मालक वाकून बघत राहिला. "मग आचाऱ्याला का नाही लागलं?"

"हे एप्रन धुतं कोण?"

"मीच," मावशी म्हणाली. "आचाऱ्यांचे मशीनमध्ये, रंगीत कपड्यांच्या पातळ साबणात. दारातल्या पोरांचे बादलीत, वेगळे. ती मोठी पिशवी आहे ना, पांढरंशुभ्र करणारी पावडर, तिच्यात. रोज."

"वेगळे का?"

"तसं लिहिलंय म्हणून."

"कुठे लिहिलंय?"

तिने ओल्या हाताने मोरीच्या भिंतीकडे बोट केले. तिथे प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद टांगलेला होता.

मी न वापरलेल्या एप्रनाच्या पट्ट्याचे टोक मालकाकडून कापून घेतले आणि त्याचे दोन तुकडे केले. एक मावशीने पातळ साबणात धुतला, दुसरा पावडरीच्या पाण्यात अर्धा तास भिजवून. दोन्ही खळबळून, सुकवून दिव्याखाली ठेवले. पहिला मंद राहिला. दुसरा पहिल्याच धुण्यात निळसर उजळला; सात आठवड्यांच्या एप्रनाइतका नाही, पण शंका राहणार नाही इतका.

मालक दोन्ही तुकडे घेऊन खिडकीशी गेला. मग म्हणाला, "दुसऱ्या शाखेचं काम मामांकडेच राहू द्या. पण ही पावडर मोरीत आणली कुणी?"

मी मामाला फोन लावला, मालकासमोरच, आवाज मोठा करून.

"सुटलास," मी म्हणाले.

"कशातून? मी कुठे अडकलो होतो? अडकवलं होतंस तू," मामा म्हणाला. "बरं, मग चोर कोण?"

त्याला फोनवर जे सांगितले तेच संध्याकाळी मालकाला लेखी दिले. ते असे:

कापड एकच आहे. शिलाईत दोष नाही. कपडे शुभ्र करणाऱ्या पावडरीत असे द्रव्य असते की जे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांच्या बदल्यात निळा उजेड बाहेर टाकते. सुती कापडावर ते धुण्यागणिक साचत जाते. रेस्टॉरंटच्या आतल्या दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून तिथे एप्रन सायीचाच दिसतो; दारात ऊन असते, म्हणून तोच एप्रन निळसर पांढरा दिसतो. आचाऱ्यांचे एप्रन या पावडरीत कधीच धुतले गेले नाहीत. मोरीतल्या कागदावरील चौथी सूचना अशी आहे: "दर्शनी कर्मचाऱ्यांचे एप्रन फोटोत उठून दिसावेत यासाठी वेगळे, शुभ्रतेच्या पावडरीत धुवावेत." सायीचा रंग हा पांढरा रंग नाही, हे लिहिताना लक्षात आले नाही. ती सूचना मी लिहिली होती.