चाळीस दातांचा पिनियन

कारखान्याच्या दारातच ती थबकली. यंत्राचं डोकं खांबावरून सर्रकन वर गेलं आणि टोकाशी जाऊन थांबलं. कालपर्यंत हेच डोकं याच्या निम्म्या वेगानं चढत होतं. मालक पेंडंट, यंत्र चालवायची बटणांची पेटी, हातात धरून लग्नात व्याह्यांनी मिरवावं तसे हसत उभे होते.

आता यंत्र तिनंच आखलेलं, म्हणजे तिला कळायला वेळ कशाला लागतोय? खांबावर उभी दात्यांची पट्टी, रॅक. एकशे ऐंशी किलोच्या डोक्यावर मोटर, गिअरबॉक्स, आणि रॅकमध्ये दात अडकवून वरखाली नेणारं छोटं दातेरी चाक, पिनियन. तिनं वीस दातांचा निवडला होता. मोड्यूल, म्हणजे दाताचं माप, दोनचं; त्यामुळे व्यास चाळीस मिलिमीटर. आज मोटरची प्लेट रॅकपासून वीस मिलिमीटर मागे सरकली होती. पिनियन चाळीस दातांचा, व्यास ऐंशी.

आणि खाली, डोक्याच्या बरोब्बर खाली, तिचे बाबा पालथे पडून यंत्राच्या तळाच्या ट्रेचे बोल्ट आवळत होते. कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"बघितलंत मॅडम?" मालक म्हणाले. "गिऱ्हाइकाला दुप्पट वेग हवा होता, दिला. तुम्हीच तर म्हणालात, जोर तेवढाच लागेल."

म्हणाली होती. काल दवाखान्यात, तापानं फणफणलेल्या लेकीला मांडीवर घेऊन, फोन खांद्यात धरून. "जोर तेवढाच, साहेब, पण टॉर्क..." इतक्यात लेकीचा नंबर लागला नि तिनं फोन ठेवला. पुढचं सांगायचं राहून गेलं. अर्धवट बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हे तिला आज सुचत होतं. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

हिशेब तिला पाठ होता. डोकं नुसतं धरून ठेवायचं तर सुमारे सतराशे सहासष्ट न्यूटन. ते गुणिले पिनियनची त्रिज्या, म्हणजे टॉर्क, फिरवायला लागणारा जोर. वीस मिलिमीटर होती तेव्हा पस्तीस न्यूटन-मीटर, गिअरबॉक्स दहास एक, म्हणजे मोटरवर साडेतीन. मोटर सतत चार पूर्णांक आठ देते, ब्रेक सहा धरतो. सगळं निवांत. आता त्रिज्या चाळीस. मोटरवर सात.

मोटर थोडा वेळ सातही देते, म्हणून तर डोकं वर गेलं. पण ती आत्ता दम धरून उभी होती. तापली की तिला चालवणारा विजेचा डबा, ड्राइव्ह, तिला बंद करणार, मग डोकं धरायला नुसता ब्रेक उरणार, आणि ब्रेकची ताकद सहाचीच. मोटरचा बारीक गुणगुणाट तिला ऐकू येत होता.

"साहेब, हे धरणार नाही."

"कसं धरणार नाही? धरलंय की. बरं बाई, तुमच्या समाधानासाठी बंद करतो." त्यांनी पेंडंटवरच्या लाल बटणाकडे अंगठा नेला.

तिनं त्यांचं मनगट पकडलं. आयुष्यात पहिल्यांदा. "ते दाबू नका. बटण दाबलं की मोटरची ताकद जाते आणि सगळं ब्रेकवर येतं. बाबा खाली आहेत." मनगट न सोडता ती खाली वाकली. "बाबा, बाहेर या."

"दोन बोल्ट राहिलेत गं," खालून आवाज आला. "तुझं कागदावरचं भय मला नको सांगू."

"बाबा, माझी चूक झालीय. आधी बाहेर या."

ही मात्रा लागू पडली. पोरगी चूक कबूल करते म्हटल्यावर म्हातारा कुरकुरत मागे सरकला. आधी कंबर, मग खांदे, मग पांढरं डोकं. ते पूर्ण बाहेर येईपर्यंत तिनं मालकांचं मनगट सोडलं नाही. मग तिनं आणि मालकांनी पॅकिंगचे दोन लाकडी ओंडके ट्रेवर ढकलले, आणि मालक पेंडंटवरून डोकं हळूहळू खाली आणू लागले.

ओंडक्यापासून हातभर वर असताना ड्राइव्हवर लाल दिवा लागला. ब्रेकचा खट्ट आवाज झाला. डोकं क्षणभर थांबलं, आणि मग घसरत आलं. ओंडक्यावर ते आदळलं तेव्हा भिंतीवरची पान्यांची रांग हलली.

मालक मटकन स्टुलावर बसले. बाबा ओंडक्यावर उमटलेली खोक बघत राहिले. मघाशी खाली पडून असताना त्यांची मान होती, खोक बरोबर त्याच उंचीवर होती.

दुपारी जुना पिनियन परत चढला, प्लेट वीस मिलिमीटर पुढे आली. ट्रेचे दोन बोल्ट अजून आवळायचे होते. डोक्याखाली ओंडके होतेच. बाबा पाना घेऊन वाकले, पण खाली शिरले नाहीत. तीस वर्षांत कागदाला ज्यांनी कधी विचारलं नाही, ते रॅकपाशी गेले आणि पिनियनच्या एकेका दातावर बोट ठेवून मोजू लागले. मधेच चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"वीस," ते म्हणाले, आणि तिच्याकडे बघत राहिले. "बरोबर ना गं?"

"बरोबर, बाबा," ती म्हणाली. मग ते खाली शिरले.