एका जागेत दोन माणसं

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी उन्मेष झाडगावला रावजी सरांकडे गेला, तेव्हा सर पडवीत आरामखुर्चीत बसून होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना मैदानावर जायची मनाई होती. शाळेच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ म्हणूनच उन्मेषच्या गळ्यात पडला होता. तो विमा कार्यालयात नोकरीला. कॉलेजात असताना संघात होता, पण बहुतेक वेळ बाकावरच. मोबदला काही नव्हता, आणि त्याने मागितलाही नव्हता.

"सर, मॅन टू मॅन सोडून झोन लावू म्हणतोय."

सरांनी कारण विचारलं नाही. "दोन्हींत फरक काय, सांग बघू आधी."

"मॅन टू मॅनमध्ये प्रत्येकीला एक माणूस. तो जाईल तिथे हिने जायचं. झोनमध्ये प्रत्येकीला एक जागा. त्या जागेत जो येईल त्याला अडवायचं."

"हे पुस्तकातलं झालं. मॅन टू मॅनमध्ये कोण चुकली ते सगळ्या गावाला दिसतं. कमी पळणारी असेल तर समोरचे तिलाच गाठतात. म्हणून बाकीच्यांनी नजर ठेवून मदतीला धावायचं. दम लागतो, फाऊल वाढतात. झोनमध्ये पाच जणी चेंडूबरोबर एकदम सरकतात, बास्केटखाली गर्दी राहते, पळणं कमी. अशक्त खेळाडू झाकला जातो. पण लांबून मारणारी असेल तर झोन फुटतो. आणि एका जागेत त्यांनी दोन माणसं उभी केली की तिथली मुलगी कुणाकडे जाणार?" सर खुर्चीत पुढे सरकले. "कोणाला झाकतोयस तू?"

"मृणालीला."

मृणालीची आई पावसाळ्यात काविळीने गेली, हे सरांना माहीत होतं. वडील जहाजावर होते, तेराव्यापुरते येऊन परत गेले. मुलगी सरावाला यायची, पण तिचं अंग खेळात नसायचं. चेंडू जवळून गेला तरी तिला उशिरा कळे. मॅन टू मॅनमध्ये तिचा माणूस दर वेळी सुटत होता आणि बाकीच्या मुली काही न बोलता तिच्या चुका निस्तरत होत्या. स्पर्धा संपली की मामा तिला दाभोळला घेऊन जाणार होता, पुढची शाळाही तिकडेच.

"बघ," सर म्हणाले. "उद्याच्या देवरूखच्या मुली लांबून मारतात, एवढं ध्यानात ठेव."

उन्मेषने ते ध्यानात ठेवलं, पण झोनच लावला. पुढे दोघी, बास्केटकडे तिघी. मृणालीला त्याने खाली डाव्या बाजूला ठेवलं. मधे उंच शमिका होतीच, काही निसटलं तर ती सांभाळेल असा त्याचा हिशेब होता.

क्रीडा संकुलाच्या कोर्टावर उकाडा होता. चार भागांतला पहिला बरा गेला. देवरूखच्या मुली चेंडू घेऊन आत घुसायच्या आणि समोर भिंत बघून मागे फिरायच्या. उन्मेषला वाटलं, जमलं. पण दुसऱ्या भागात त्यांच्या मॅडमनी वेळ मागून खेळ थांबवला. तो परत सुरू होताच त्यांची सात नंबरची सडपातळ मुलगी डाव्या कोपऱ्यात, तीन गुणांच्या रेषेबाहेर जाऊन उभी राहिली. दुसरी एक जण त्याच बाजूला बास्केटजवळ. दोघी मृणालीच्या जागेत.

मृणाली कोपऱ्याकडे धावली की चेंडू आतल्या मुलीकडे जाई. शमिका तिला अडवायला सरके आणि फाऊल होई. मृणाली आत थांबली की कोपऱ्यातून सात नंबर तीन गुण मारी. ओळीने तीन वेळा तसंच झालं. चौथ्या वेळी मृणाली कुठेच गेली नाही, नुसती उभी राहिली.

मध्यंतराला उन्मेषचा संघ बराच मागे होता आणि शमिकाचे तीन फाऊल झाले होते; पाच झाले की खेळाडू बाहेर. मुली पाणी पीत होत्या. मृणाली बाटली हातात धरून उन्मेषजवळ आली.

"सर, मला सात नंबर द्या."

"ती भारी पळते गं."

"पळू दे. मला जागा नको, माणूस द्या." ती खाली बघत बोलत होती. "जागा सांभाळताना नुसतं उभं राहावं लागतं. चेंडू पलीकडे असला की माझं डोकं घरी जातं. समोर कोणी असलं तर निदान तिच्याकडे बघेन."

उन्मेषला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. तिच्या डोक्यावर मॅन टू मॅन टाकायचा, ती सगळ्यांदेखत हरायची, आणि तीच आठवण घेऊन दाभोळला जायची, हे त्याला नको होतं. शमिकाचे फाऊलही होतेच.

"थोडा वेळ हेच खेळू," तो म्हणाला. "पुढच्या दोघींतली एक कोपऱ्याकडे मदतीला येईल."

तिसरा भाग त्यात गेला. पुढची मुलगी कोपऱ्यात आली की मधली जागा उघडी पडे आणि चेंडू तिथून आत. शमिकाचा चौथा फाऊल झाला. शेवटचा भाग अर्धा सरला, तेव्हा त्याने वेळ मागितली आणि मृणालीकडे बघून म्हणाला, "सात नंबर तुझी. बाकीच्यांनी आपापली धरा."

मृणालीने मान हलवली. मग तिने जे केलं ते सरावात कुणी पाहिलं नव्हतं. सात नंबर जिकडे जाई तिकडे ती जाई. हात पसरून, गुडघे वाकवून, तिच्या कमरेवर नजर ठेवून. चेंडू तिला मिळूच देईना. दोन पास हिसकावले, त्यावर पुढे खेळणाऱ्या सावनीने धावत जाऊन गुण केले. बाकीच्यांचेही चेंडू पडत गेले आणि अंतर दोन गुणांवर आलं. बाकावरच्या मुली उभ्या राहिल्या. मृणालीचा श्वास उन्मेषला बाहेर ऐकू येत होता.

शेवटच्या मिनिटात देवरूखच्या एका दणकट मुलीने येऊन मृणालीची वाट अडवली, नुसती स्थिर उभी राहिली, नियमात बसतं ते. मृणाली तिच्यावर आदळली. तेवढ्यात सात नंबर चेंडू घेऊन सुटली. मॅन टू मॅनमध्ये एखादी सुटली की जवळच्या मुलीने मदतीला यायचं, सरांनी हेच शिकवलं होतं. शमिका आली. हात लागला, शिट्टी वाजली. तिचा पाचवा फाऊल. सात नंबरने दोन्ही फ्री थ्रो टाकले. अंतर चारवर गेलं आणि तिथेच राहिलं.

शमिका बाकावर टॉवेलात तोंड खुपसून बसली. मृणाली रडली नाही. सगळ्यांशी हात मिळवून ती उन्मेषपुढे येऊन उभी राहिली.

"आधी का नाही दिलंत, सर?"

तिच्या आवाजात राग नव्हता.

"तुला त्रास होईल असं वाटलं."

"तो होतोच आहे," ती म्हणाली.

बाहेर मामा रिक्षा थांबवून उभा होता. ती तशीच ओल्या कपड्यांत निघून गेली. मुलींनी तिला हाक मारली, तिने हात हलवला, रिक्षा वळली.

संध्याकाळी उन्मेषने सरांना फोन केला. आधीच मॅन टू मॅन लावला असता तर शमिका तिसऱ्या भागातच बाहेर गेली असती, असं तो सांगत होता. किंवा मृणालीला इतका वेळ दमच टिकला नसता. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"असेल," ते म्हणाले. "पण तिने मागितलं होतं ना?"

उन्मेष हो म्हणाला. घरात कोणीतरी सरांना औषधासाठी हाक मारत होतं. "ठेवतो रे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.