दहावा डबा

दहाव्या हार्डनरच्या डब्याचं झाकण आधीच उघडलेलं होतं. मी तो काट्यावर ठेवला, रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं आणि आकडा पाहिला. तीन किलो. पाच असायला हवे होते.

दुपारचे दोन वाजले होते. सकाळी सातपासून आम्ही औषधांच्या पॅकिंगच्या त्या खोलीत जमिनीला इपॉक्सीचा थर देत होतो. खोली बारा मीटर लांब, सात रुंद. मागच्या भिंतीपासून सुरुवात केली होती आणि आता पुढच्या दाराशी दोन बाय अडीच मीटरचा तुकडा उरला होता. सगळ्यांच्या कमरा धरल्या होत्या. ताई बाहेर जिन्याच्या पायरीवर बूट काढून बसली होती. काम तिचं. मी तिची धाकटी बहीण, रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून हिशेब माझ्याकडे.

हिशेब तसा सरळ होता. चौऱ्याऐंशी चौरस मीटर, दोन मिलिमीटर जाडी, म्हणजे एकशे अडुसष्ट लिटर माल. हा माल पाण्यापेक्षा जड, लिटरला साधारण एक किलो चारशे तीस ग्रॅम. म्हणजे दोनशे चाळीस किलो. त्यात वजनाने चार भाग रेझिन, म्हणजे मूळ राळ, आणि तिला घट्ट करणारा एक भाग हार्डनर: एकशे ब्याण्णव आणि अठ्ठेचाळीस. माल येतो वीस किलो रेझिन आणि पाच किलो हार्डनर अशा जोडीत. नऊ जोड्या आणि वर थोडं, म्हणून दहा मागवल्या. डब्याला चिकटेल, थापीला लागेल, ते वरच्या दहा किलोंत धरलं होतं.

नऊ जोड्या संपल्या होत्या. दहाव्या रेझिनच्या डब्याला तर कुणी हातही लावला नव्हता. मग त्याच्या जोडीच्या हार्डनरमधले दोन किलो गेले कुठे?

मिक्सिंग करत होते भाऊजी, ताईचे यजमान. त्यांचा फायबरच्या टाक्यांचा कारखाना बंद पडला, त्याला आठ महिने झाले. आठ महिने ते घरी बसून होते. शेवटी ताईने त्यांना कामावर आणलं आणि गेल्या आठवड्यात जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "ही एक खोली नीट होऊ दे. पुढच्या तिन्ही खोल्यांचं मिक्सिंग तुमच्याकडे. बिघडली, तर मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल, अहो, माझा इलाज नाही."  त्या दिवसापासून भाऊजी सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभे असायचे.

मी डबा उचलून त्यांच्याकडे नेला. ते मिक्सरचं पातं पुसत होते.

"भाऊजी, यातलं दोन किलो कुठे गेलं?"

"आलीस का पोलिसासारखी." ते हसले. "सकाळी केवढी थंडी होती! पहिल्या दोन जोड्यांना एकेक किलो जास्त घातलं. लवकर धरावं म्हणून."

"एकेक किलो?"

"अगं, तीस वर्षं टाक्या केल्यात मी. थंडी असली की थोडं वाढवायचं, ऊन असलं की कमी करायचं. हाताला कळतं ते."

त्यांची चूक मला लगेच कळली आणि त्यांचा राग येईना. टाक्यांच्या रेझिनमध्ये जे घालतात ते नावालाच हार्डनर. त्याचं काम फक्त सुरुवात करून द्यायचं. शंभराला एक घाला नाही तर दोन, माल बांधला जातोच. इपॉक्सीत तसं नसतं. इथे हार्डनर स्वतः त्या जमिनीचा भाग होतो. रेझिनच्या ठरावीक कणांना हार्डनरचे ठरावीकच कण लागतात. जास्तीचे तसेच सुटे राहतात आणि जमीन मऊ, चिकट राहते. त्यावर औषध सांडलं, धुण्याचं रसायन पडलं, की ती खराब व्हायला लागते.

हे मी त्यांना सांगितलं. शक्य तितकं हळू.

भाऊजींनी पातं खाली ठेवलं. "म्हणजे मागची पट्टी..."

"एका जोडीत पावणेनऊ चौरस मीटर होतं. दोन जोड्या म्हणजे साडेसतरा. भिंतीपासून अडीच मीटर, पूर्ण रुंदीभर."

"आणि हा दाराचा तुकडा?"

"तो होईल. पाच चौरस मीटर, दहा लिटर, चौदा किलो तीनशे. तीन किलो हार्डनर आहे, त्याला बारा किलो रेझिन. पंधरा किलो होतात. पुरतंय."

माझ्या मनात त्या क्षणी जे आलं, तेच त्यांच्याही मनात आलं असणार. माल पुरत होता. खोली पूर्ण दिसली असती. मागची पट्टी चकचकीत होती, लांबून काही कळलं नसतं. मशीनं आठ दिवसांनी यायची होती. तोपर्यंत सगळं कोरडं झालं असतं, निदान वरून तरी.

"तू काही बोलू नकोस," भाऊजी म्हणाले. मग थोडं थांबून, "म्हणजे, आत्ता नको. दाराचा तुकडा होऊ दे."

मी मुकाट्याने बारा किलो रेझिन वजन करून काढलं. त्यांनी तीन किलो हार्डनर ओतलं, ढवळलं, मामांनी ते दातेरी थापीने पसरलं. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने कारागीर. वीस मिनिटांत ते काम संपलं आणि भाऊजींना काय किंवा मला काय, बरं वाटलं नाही.

मी इमारतीला वळसा घालून मागच्या छोट्या दाराशी गेले. ते दार त्याच पट्टीत उघडत होतं. उंबऱ्याशी वाकून अंगठ्याचं नख टेकवलं. पट्टी लोण्यासारखी मऊही नव्हती आणि घट्टही नव्हती. नखाची चंद्रकोर उमटली. आज ती पात्याने खरवडून निघाली असती. उद्या ग्राइंडर लावावा लागला असता आणि धूळ नव्या थरावर बसली असती.

मागे पावलं वाजली. भाऊजी होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून ती चंद्रकोर पाहिली.

"निघेल?"

"आज निघेल."

ते वळले आणि थेट ताईकडे गेले. मी मागोमाग. ताई डोळे मिटून बसली होती.

"अगं, ऐक. मागची अडीच मीटर पट्टी मी घालवली."

ताईने डोळे उघडले. त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिशेब चुकला?"

"तिचा नाही. माझा हात." त्यांनी सगळं सांगितलं, दोन वाक्यांत. कारण दिलं नाही, थंडीचंसुद्धा.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिने फोन काढला, दुकानदाराला दोन जोड्या सांगितल्या, रंग जुळावा म्हणून त्याच लॉटच्या, सकाळी आठला. त्याला लॉट सापडेपर्यंत फोन कानाला धरून बसली. मग बूट घालायला लागली.

"सांधा दिसेल," ती म्हणाली. "औषध कंपनीच्या मॅनेजर बाईंना मीच सांगते, का दिसतोय ते." एक लेस ओढली. "खरवडायला किती वेळ?"

"तीन माणसं, चार तास," मामा म्हणाले.

"मी करतो," भाऊजी म्हणाले. "एकटा."

"एकटे केलंत तर उजाडेल. कशाला उगाच."

मागच्या दारातून सुरुवात झाली. भाऊजी पात्याने थर उचलत होते, मी पिशवीत भरत होते, मामा मागून पुसत येत होते. निघालेला थर रबरासारखा वाकत होता. तासाभराने ताई आली. उंबऱ्यात उभी राहिली.

"उद्याचं मिक्सिंग मामा करतील," ती म्हणाली.

भाऊजींचा हात थांबला. त्यांनी मान हलवली.

"पुढच्या खोल्यांचंही. तुम्ही काट्यापाशी बसा. प्रत्येक डब्याचं वजन मोठ्याने वाचायचं, ही लिहील. आकडा जुळल्याशिवाय मामांनी मिक्सर चालू करायचा नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच."

"मी सांगेन तेव्हा," भाऊजी म्हणाले, जणू नीट ऐकलं की नाही ते तपासत होते.

"हो. आणि थंडी असली तर स्वेटर घाला."

मामा हसले. भाऊजी हसले नाहीत. ते गुडघ्यावर सरकले, पातं पुन्हा थराखाली घातलं आणि विचारलं, "चारास एक हे वजनाने ना गं? मापाने नाही?"

"वजनाने. मापाने घेतलं तर अडीचास एक."

"का बरं?"

"रेझिन जड आहे, म्हणून."

"हं," ते म्हणाले, आणि पुढचा तुकडा उचलला.