गुलाबी बट

दुपारी चार वाजता मावशीला एक गृहस्थ भेटणार होते, आणि सकाळी अकरा वाजता तिच्या कपाळावर भडक गुलाबी बट लोंबत होती.

मावशी घरच्या घरी केक करून विकायची. वय चोपन्न, लग्न राहून गेलेलं. काळ्या कलपाने दोन वर्षांपूर्वी डोळे सुजले, तेव्हापासून तिने केस पांढरेच ठेवले होते. या गृहस्थांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, पत्नी जाऊन सात वर्षं झाली होती. मावशी वरवर "बघू" म्हणाली होती, पण नवा पांढरा शर्ट तिने दोनदा इस्त्री केला होता. तीस वर्षांत कुणी तिला भेटायला बोलावलं नव्हतं.

घोळ घातला तो ठिणगीने, म्हणजे पंधरा वर्षांच्या भाचीने. तिला शेंड्यांना लाल रंग हवा होता. आई ब्लीच करू देत नव्हती, म्हणून बाईसाहेब सरबताची बिनसाखरेची पावडर घेऊन मावशीकडे आल्या. साखरेची आणली असती तर केसांचा चिकट गोळा झाला असता, एवढं तरी तिने वाचलं होतं. मावशीही काही कच्ची नव्हती. खायचा रंग असला तरी आदल्या दिवशी तिने दोघींच्या कानामागे थेंब लावून ठेवला होता. खाज सुटली नाही, पुरळ आलं नाही.

पावडर कोमट पाण्यात कालवून, कंडिशनर घालून ठिणगीच्या शेंड्यांना लावली. तासाभराने धुतली. काळ्याभोर केसांवर काय दिसणार? खिडकीत नेऊन मान तिरकी केली की जराशी लालसर झाक.

"रंगच खोटा आहे," ठिणगी फुरंगटली.

"थांब, माझ्यावर बघू," मावशी म्हणाली आणि एक बट भांड्यात बुडवली. अंगावर घेण्याची हौस, दुसरं काय! केकच्या क्रीममध्ये रंग सुरुवातीला फिका वाटतो आणि ठेवला की गडद होतो, हे तिचं रोजचं ज्ञान. तरी फिकट आहे म्हणून तिने बट आणखी अर्धा तास तशीच ठेवली. एक थेंब डोळ्यात गेला, तो असा झोंबला की ती नळाखाली डोळा धरून नाचली.

मग आरशात पाहिलं.

"मावशी... तू मस्त दिसतेस," ठिणगी म्हणाली आणि घाईघाईने शाम्पूची बाटली शोधायला लागली.

तीन वाजेपर्यंत पाच वेळा शाम्पू झाला. फेस गुलाबी, टॉवेल गुलाबी, बट मात्र जशीच्या तशी. ठिणगी म्हणाली, व्हिनेगर आणि गरम पाणी लाव, सगळं निघतं. लावलं. बट उलट अधिकच झळकायला लागली. कपाळावरचा डाग तेवढा तेल चोळून चोळून पुसट झाला.

"मी नाही जात," मावशी स्टुलावर बसली. तिला खरंच रडू येत होतं. "म्हातारपणी काय थेरं, म्हणतील."

ठिणगीने धावत जाऊन घरून आईचा रेशमी स्कार्फ आणला, बट आत कोंबली आणि मावशीला अक्षरशः दाराबाहेर ढकललं.

चहाच्या दुकानात उकडत होतं. ओले केस, वर स्कार्फ, त्यात घाम. गृहस्थ निळ्या शर्टात, बोलायला शांत. मावशी केकबद्दल बोलत होती आणि त्यांची नजर तिच्या कॉलरवर खिळली होती. तिने खाली पाहिलं. पांढऱ्या कॉलरवर गुलाबी ओघळ उतरला होता.

संपलं, तिला वाटलं. तिने स्कार्फ काढून टेबलावर ठेवला. "सरबताची पावडर आहे. भाचीसाठी आणली होती."

गृहस्थांनी खिशातून चष्मा काढला, कॉलर पाहिली, स्कार्फ बोटांनी चाचपला. दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखे ते ताठ बसले.

"कॉलर सुती आहे. गार पाण्यात भिजवा, निघेल. स्कार्फ रेशमी, त्याची आशा सोडा. हा रंग लोकर आणि रेशीम घट्ट धरतात. केसही तसेच. व्हिनेगर नाही ना लावलंत?"

"लावलं. गरम पाण्यासकट."

"अहो, मग तुम्ही तो पक्का केलात!" आणि ते हसले. इतके हसले की चष्मा काढावा लागला. मावशीलाही आवरेना.

"किती दिवस राहील?" तिने डोळे पुसत विचारलं.

"पाचसहा आठवडे. एक एक धुण्याने उतरेल." त्यांनी कप बशीत नीट ठेवला. "दर रविवारी इथे भेटत जाऊ, म्हणतो. किती उतरला ते मला बघता येईल."

घरी ठिणगी दारातच उभी होती, नखं खात.

"चिडले का गं?"

मावशीने चपला काढल्या, आरशासमोर जाऊन बट कानामागे सारली.

"ती पावडर," ती म्हणाली, "उरलीय ना थोडी? जपून ठेव."