खांबामागची खुर्ची

रूपालीने व्हॉट्सॲपवर हॉलचा फोटो पाठवला तेव्हा चारुलता एका बारशाचे फुगे भरत होती. पंप बंद करून तिने फोटो मोठा केला. सारंगखेड्याच्या पतपेढीच्या वरचा छोटा हॉल. दारात उभं राहून काढलेला फोटो, त्यामुळे खोली होती त्याहून लांब दिसत होती. अशा फोटोंना चारुलता फसत नसे. शहाद्यात सजावटीची कामं घेऊन तिला बरीच वर्षं झाली होती. ती सरळ जमिनीवरच्या फरशा मोजायची. दोन फुटी फरशी असली की भिंतीची रुंदी कळते, रुंदी कळली की पडदा केवढा लावायचा ते ठरतं.

तेवढ्यात रूपालीचाच फोन आला.

"वहिनी, फोटो देखा का? हिरलना वाढदिवस शे. यंदा सगळं तूच कर."

रूपाली म्हणजे चारुलताची नणंद. आणि हिरल ही चारुलतानेच जन्माला घातलेली मुलगी. रूपालीला मूल राहत नव्हतं. चौथ्या वेळी दवाखान्यातून ती रिकाम्या हाताने परत आली, तेव्हा चारुलताला दिवस गेलेले होते. नवऱ्याने, हेमकांतने, बहिणीला शब्द दिला. पण त्याने आधी चारुलताला विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती. पुढे रीतसर दत्तकविधान झालं. हिरलला यातलं काही ठाऊक नव्हतं. चारुलता तिची मामी होती.

"हा फोटो किती वाजता काढला?" चारुलताने विचारलं.

"संध्याकाळले. पाच वाजता व्हयी. का बरं?"

"उजव्या भिंतीवर ऊन दिसतंय. डावीकडच्या खिडक्यांतून येतं ते. तिथे कमान लावली तर केक यायच्या आत निम्मे फुगे फुटतील. आपण दारासमोरच्या भिंतीवर लावू."

कामाचं बोलताना तिला बरं वाटत होतं. फोटोवरच बोटाने रेघा मारून तिने आराखडा केला. समोरच्या भिंतीला स्टँडवर पडदा, त्यावर फुग्यांची कमान. त्याच्यापुढे टेबल, पण मागे घरच्यांना उभं राहता येईल इतकी जागा सोडून. टेबलापुढे मुलांसाठी सतरंजी, म्हणजे मागच्या मोठ्यांना मुलांच्या डोक्यावरून दिसतं. मग दोन्ही बाजूंना खुर्च्या, मधून वाट. दाराजवळ काही नाही. तिने तो फोटो परत पाठवला.

रूपालीचा पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज दबका होता.

"वहिनी, एक सांगू? राग नको मानजो. तू समोर नको बसजो."

चारुलताने पंप बाजूला ठेवला.

"दिवाईले तू ईसन गई तं पोर दोन दिन जेवनी नही. मामी पाहिजे, मामी पाहिजे. सासूबाई म्हणतस, रगत रगतले वळखस. माले भ्याव लागस, वहिनी."

"बरं," चारुलता म्हणाली. "मी मागे बसेन."

रात्री स्वयंपाक उरकून तिने फोटो पुन्हा उघडला. उजव्या भिंतीला मध्यावर एक खांब बाहेर आलेला होता. त्याच्या अलीकडे, दाराच्या बाजूला, भिंतीशी एक खुर्ची मावत होती. तिथे बसलं तर हिरलला ती दिसणार नव्हती. पण जिथून आपण हिरलला दिसत नाही तिथून हिरलही आपल्याला दिसणार नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग तिने आराखड्यात केक टेबलाच्या मध्यावरून डाव्या टोकाकडे सरकवला आणि उजवीकडे चॉकलेटं आणि पाचाचा दिव्यांचा आकडा ठेवला. आता खांबाच्या कडेवरून केक दिसला असता. हिरल केकच्या मागे उभी राहणार, म्हणजे तिचा चेहरा खांबाआड जाणार. पण सुरी धरलेला हात केकवर आला की तो दिसणार होता.

तिला तेवढं पुरत होतं.

वाढदिवसाच्या दिवशी एप्रिलची काहिली होती. चारुलता आणि हेमकांत दुपारीच सामान घेऊन पोचले. उन्हाने फुगतील म्हणून फुगे थोडे कमी भरले. सगळं आराखड्याप्रमाणे लागलं. ती एकदा खांबामागच्या खुर्चीवर बसून आली. केकची जागा दिसत होती.

माणसं जमायला लागल्यावर रूपालीच्या सासूबाई, सुंदरबाई, घामाघूम होऊन वर आल्या. त्यांनी घरून कूलर आणवला आणि डावीकडच्या पुढच्या खिडकीत बसवला. फोटोत तिथे काहीच नव्हतं. कूलर सुरू झाला आणि मेणबत्ती लावून पाहिली तर लगेच विझली. पडदाही हलू लागला. कूलर बंद करायला सांगावं, तर खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या आणि सतरंजीवरची पोरं गरमीने कासावीस झालेली.

"वहिनी, आते कसं करशी?" रूपालीने विचारलं.

उपाय एकच होता. हवेचा झोत चुकवून टेबल उजवीकडे घ्यायचं.

चारुलताने एकदा खांबाकडे पाहिलं. मग हेमकांतला म्हणाली, "त्या बाजूने धरा." दोन फरशा सरकल्यावर मेणबत्ती टिकली. पडदा मागून बांधला, कमानीचा गुच्छ टेबलाच्या मध्याशी आणला. सगळे म्हणाले, आता छान दिसतं. ती जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. तिच्यासमोर खांबाचा पिवळा रंग होता आणि त्याच्या कडेला पडद्याची झालर. टेबल पूर्ण आड गेलं होतं.

हिरल आली तेव्हा टाळ्या झाल्या. गाणं झालं. कोणीतरी ओरडलं, "फुंक, फुंक!" मग पुन्हा टाळ्या. चारुलतानेही टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळाने निळ्या फ्रॉकमधली हिरल केकची बशी दोन्ही हातांनी सांभाळत खांबाला वळसा घालून आली.

"मामी, तू इथे बसलीस? मी सगळीकडे शोधलं तुला."

"मला फुग्यांवर लक्ष ठेवायचं असतं ना."

हिरलने बशी तिच्या हातात दिली, तिला बाजूला सरकवून ती खुर्चीवर चढली आणि समोर पाहू लागली.

"इथून तर मम्मी दिसतच नाही," ती घाबरून म्हणाली.

"अगं, तिकडेच आहे ती. जा, जा पळ."

हिरल उडी मारून पळाली. खांबापलीकडून तिचा आवाज आला, "मम्मी!" आणि रूपालीचं हसणं आलं. चारुलताने केकचा घास तोंडात घातला. बशी तिने खुर्चीखाली ठेवली.

माणसं गेल्यावर फुगे फोडायचं काम उरलं. हॉल रिकामा करून द्यायचा होता. रूपाली केरसुणी घेऊन जवळ आली आणि तशीच उभी राहिली.

"टेबल सरकाडताना तू खांबाकडे देखं. मी देखी ऱ्हायनी होती," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तू हटकं नही, काही नही. पुढला सालले तू नको करजो, वहिनी. नंदुरबारहून कोणले तरी बोलावसू. तुन्हं तोंड माले देखवस नही."

चारुलताला म्हणायचं होतं, मी सगळी वर्षं त्या खुर्चीवर बसेन, पण हे माझ्याकडून काढून घेऊ नका. ती म्हणाली, "खरंय ताई. मलाही हल्ली कामं जास्त होतात."

खाली टेम्पोत हेमकांतने दोऱ्या आवळल्या. हिरल रूपालीच्या खांद्यावर झोपली होती, तिचा एक बूट निसटला होता. चारुलताने तो उचलून रूपालीच्या हातात दिला. हिरलच्या पायाला हात लावला नाही.

शहाद्याच्या रस्त्याला लागल्यावर हेमकांतने विचारलं, "काय म्हणाली रूपाली?"

"पुढच्या वर्षी नको म्हणाली."

चारुलता पदर तोंडात धरून रडू लागली. घरी त्यांचा मोठा मुलगा जागा असणार होता, आणि त्याने आईला रडताना पाहायला नको होतं. हेमकांतने टेम्पो सावकाश घेतला, आणि गाव जवळ आलं तेव्हा रस्त्याच्या कडेला उभा करून तो तिचं रडणं संपायची वाट पाहत बसला.