डाव्या पंखाची पंधरा पिसं

मी पक्षी ओळखतो. पक्षी सोडून बाकी सगळं बघून.

म्हणजे लोक फोटो पाठवतात: घरट्याचे, अंड्यांचे, गळून पडलेल्या पिसांचे. मी ते बघतो आणि कुणाचं आहे ते कळवतो. संग्रहालयाच्या तळघरात, जिन्याखालच्या खोलीत माझा कक्ष आहे. कक्ष म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि पिसांच्या नमुन्यांचे एकशे बारा खण. खिडकी नाही. तीन वर्षांत कामाच्या वेळेत मी एकही जिवंत पक्षी बघितलेला नाही.

आई दर रविवारी फोनवर विचारते, "मग, काय पक्षी दिसला का रे?"

"नाही."

"मग पगार कशाचा देतात?"

हा प्रश्न मी वरिष्ठांपर्यंत पोचवलेला नाही.

काम तसं सोपं आहे. एसीच्या डब्यावर चार काड्या आणि त्यात दोन पांढरी अंडी, की समजायचं कबुतर. काड्या तीन असल्या तर अनुभवी कबुतर. अवघड असतात ते माप न ठेवता काढलेले फोटो. अंड्याशेजारी काही नसेल तर ते पालीचं आहे की शहामृगाचं, हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून अर्जावर ठळक छापलंय: 'पीस किंवा रिकामं घरटं असल्यास शेजारी माहीत मापाची वस्तू ठेवावी. वापरातल्या घरट्याला हात लावू नये, जवळ काही ठेवू नये.' एका बाईंनी अंड्याशेजारी माप म्हणून दुसरं अंडं ठेवलं होतं. ते कोंबडीचं आहे का, असं विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं, "तेच तर तुम्हाला विचारतेय."

तिसरा मजला यांचा पहिला फोटो गेल्या थंडीत आला. त्यांचं नाव मला माहीत नाही. अर्जावर नावाच्या जागी त्यांनी 'तिसरा मजला' एवढंच लिहिलं होतं आणि मी तेच कायम केलं. फोटोत एक पांढरं पीस होतं, साडेसहा सेंटिमीटरचं, आणि शेजारी माप म्हणून चहाचा चमचा. खाली अक्षर एकदम रेघेत: 'चमचा, १४ सेंमी. पीस घरात सापडलं. कुणाचं?'

मी लिहिलं: 'बदक-हंसांच्या कुळातलं, उडायच्या पंखातलं. टोक झिजलेलं दिसतं. नक्की जात सांगायला पुरावा अपुरा. आणखी सापडल्यास पाठवावं.'

पुढच्या सोमवारी दुसरं पीस आलं. शेजारी किल्ली. मग तिसरं, शेजारी कंगवा.

चौथ्या पिसाशेजारी औषधाच्या गोळ्यांची डबी होती, आठवड्याच्या सात वारांचे सात कप्पे असलेली. फोटो मोठा करून बघितला. सोमवारचा कप्पा रिकामा, बाकीचे भरलेले. म्हणजे फोटो सोमवारी सकाळी काढलेला. मग पिसाकडे बघितलं. टोक झिजलेलं नव्हतं. कापलेलं होतं, गोलसर, कात्रीनं. दांडीच्या खालच्या भागावरचे केस खरवडून काढलेले, आणि दोन ठिकाणी दोऱ्याची बारीक आडवी खूण, त्यावर डिंकासारखी चकाकी.

मी आधीचे तीन फोटो काढून शेजारी मांडले. पिसाच्या दांडीच्या एका बाजूला अरुंद पट्टी असते, दुसऱ्या बाजूला रुंद. टोक वर धरून पाठीकडून बघितलं तर चारही पिसांची अरुंद पट्टी उजव्या हाताला. चारही डाव्या पंखातली. जगात असा पक्षी नाही ज्याची फक्त डाव्या पंखाची पिसं गळतात. असला तर तो एव्हाना गोल गोल फिरून दमला असेल.

असा एकच प्राणी आहे. बॅडमिंटनचं फूल. त्यात हंसाची सोळा पिसं असतात, सगळी एकाच बाजूच्या पंखातली, म्हणजे ते हवेत नीट फिरतं. टोकं कापून, दोऱ्यानं बांधून, डिंक लावून बुचात बसवलेली.

तिसरा मजला एक फूल सोलत होते. दर सोमवारी एक पीस.

आता नियम असा की 'पाळीव किंवा मानवनिर्मित' असा शेरा मारला की फाईल बंद. त्या फाईलवर पुन्हा काही आलं तर उत्तर द्यायचं नाही. 'अनिश्चित' म्हटलं तर फाईल उघडी. आमच्या धंद्यात 'माहीत नाही' म्हणणं हा मोठेपणा समजतात. परिषदेत लोक उठून उभे राहतात आणि 'आपल्याला माहीत नाही' असं म्हणून टाळ्या घेतात.

मी लिहिलं: 'अनिश्चित. आणखी पुरावा पाठवावा.'

असं मी अकरा वेळा लिहिलं.

का, तर सोमवारी दहा वाजता मला कुणीतरी काहीतरी पाठवणार आहे हे मला ठाऊक असायचं. रविवारी आईचा फोन आणि सोमवारी हे. बाकीचे पाच दिवस मी खणांशी बोलायचो. पिसाशेजारी माप म्हणून चष्मा आला, जेवणाचं ताट आलं (एकच), रेडिओ आला, ज्याची तार एका टोकाला चिकटपट्टीनं जोडलेली होती. नवव्या वेळी चपलेचा एक पाय. दुसरा पाय बहुधा पायात होता. माणूस कधीच नाही. फोटोत साधं बोटसुद्धा नाही.

पंधराव्या पिसाच्या दिवशी अंडी-मॅडम खाली आल्या. मॅडम आमच्या प्रमुख. अंड्याच्या टरफलाचा नखाएवढा तुकडा बघून त्या पक्षी सांगतात, म्हणून हे नाव. तोंडावर कुणी म्हणत नाही. वर्षाअखेरच्या तपासणीसाठी त्या सगळ्या उघड्या फाईली बघत होत्या.

"हे काय, पंधरा वेळा एकच पक्षी आणि अजून अनिश्चित?"

"अवघड केस आहे मॅडम."

त्यांनी पंधरा फोटो टेबलावर पत्त्यांसारखे लावले. पाच सेकंद लागले असतील.

"डावा पंख."

"हो."

"सगळी."

"हो."

"कधी कळलं?"

"चौथ्याला."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं आता नोकरी गेली. त्या म्हणाल्या, "गाढवा, तू चुकला असतास तर मी एक शब्द बोलले नसते. चुका मीही केल्यात. एकदा साबणाच्या वडीवर दोन पानांचा अहवाल दिलाय. पण माहीत असून माहीत नाही लिहिलंस. उद्या कुणी ही फाईल उघडून तुझ्या बाकीच्या अनिश्चितांवर विश्वास ठेवेल का?"

"नाही."

"आज कळव त्यांना."

"कळवलं की फाईल बंद होते, मॅडम. मग ते काय पाठवणार?"

त्या थोडा वेळ चपलेच्या फोटोकडे बघत राहिल्या. "ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी खरोखर माहीत नसल्यासारखं म्हटलं. दारातून वळून म्हणाल्या, "फाईल बंद होते. नवी उघडायला बंदी नाही. फक्त खरा पक्षी लागतो."

मी छापील उत्तर भरलं: 'पाळीव हंस, डावा पंख. पंधराही पिसं बॅडमिंटनच्या एकाच फुलातली असावीत. शेरा: मानवनिर्मित. फाईल बंद.' मग ते वाचलं. एखाद्याच्या तोंडावर दार लावून वर कडी घातल्यासारखं वाटलं. म्हणून खाली हातानं लिहिलं: 'हे मला चौथ्या पिसालाच कळलं होतं. उरलेले अकरा आठवडे मी खोटं लिहिलं, माफ करा. सध्या चिमण्यांचे घरटी बांधायचे दिवस आहेत. घरट्यात आत अंथरायला त्या पिसं नेतात. पंधरा खिडकीबाहेर ठेवून बघा. कुणी नेली आणि कुठं नेली ते दिसलं तर दुरून फोटो काढा. घरट्याला नवी फाईल मिळते.'

पुढचा सोमवार कोरा गेला. त्याच्या पुढचाही. तिसऱ्या सोमवारी एक फोटो आला, मी घाईनं उघडला, तर एका गृहस्थांना गच्चीत सापडलेलं घरटं. तो टोप होता. केसांचा. मी तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की मग शेजाऱ्यांना विचारून बघतो.

चौथ्या रविवारी आई म्हणाली, "आवाज का असा? पक्षी मेला का तुझा?"

"कळत नाही," मी म्हटलं. "अनिश्चित."

मी एकदा हिशोब करून बघितला. उत्तर पोचलं त्या दिवशी त्यांच्या फुलात एकच पीस उरलं असणार. बुचाला सोळा भोकं, त्यातली पंधरा रिकामी. माझं अख्खं तळघर त्या बुचासारखं वाटायला लागलं, पण खण एकशे बारा असल्यामुळे उपमा नीट बसेना, म्हणून सोडून दिली.

सहाव्या सोमवारी दहा वाजून दोन मिनिटांनी फोटो आला.

खिडकीवरच्या पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत वाळलेलं गवत कोंबलेलं, कसंही, काही खाली लोंबणारं. सुतळीचा तुकडा. आणि गवतातून बाहेर आलेली तीन पांढरी गोल टोकं, कात्रीनं कापलेली. अंडी दिसत नव्हती, पक्षीही नाही. फोटो तिरका.

आणि फोटोच्या एका बाजूला, खिडकीच्या आत, हात सरळ बाजूला धरून, शाळेत उंची मोजायला उभं करतात तसा एक म्हातारा माणूस उभा होता. कपाळापासून वर कापला गेलेला. पायात चप्पल, दोन्ही.

खाली रेघेत अक्षर: 'घरटं वापरात वाटतं. माझी सावली पडली की आतला आवाज बंद होतो. नियमाप्रमाणे जवळ काही ठेवलेलं नाही. माप म्हणून मी लांब उभा आहे. उंची १६६ सेंमी, पूर्वी १७० होती. कुणाचं?'

त्याखाली आणखी एक ओळ: 'फूल कपाटावर सापडलं होतं. खेळायला दोघं लागतात. सोळावं ठेवलं आहे.'

मी बराच वेळ फोटो बघितला. खालच्या कडेला पुसट, वळणदार पांढरी रेघ होती. कपाची कड. फोन कपाला टेकवून, वेळ लावून, पळत जाऊन उभे राहिले होते. म्हणूनच तिरका. फोटो काढायला घरात दुसरं कुणी नव्हतं. हे मी नमुन्याशिवाय, खण न उघडता ओळखलं, शंभर टक्के खात्रीनं.

शास्त्र म्हणून सांगतो, माप वस्तूच्या रेषेत असावं लागतं. हे माप बरंच अलीकडे उभं होतं, शिवाय डोकं नव्हतं. उपयोग शून्य. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "चिमणी. यात अनिश्चित काही नाही." मग पुन्हा बघून म्हणाल्या, "माप मात्र घेऊन यायला हवं कुणीतरी."

मी नवी फाईल उघडली आणि लिहिलं:

'चिमणी, नक्की. पिल्लं उडायला साधारण महिना लागेल. तोवर दर सोमवारी एक फोटो पाठवावा, दुरून. मापाला उभं राहावं, पण फोन थोडा वर टेकवावा, डोकं येत नाही. घरटं रिकामं झालं की मोजायला मी स्वतः येईन. पट्टी माझ्याकडे आहे. नवं फूलही आणतो. रॅकेट तुमच्याकडे किती आहेत ते कळवावं.'

उत्तर त्याच दिवशी आलं. एकाच सोमवारी दुसऱ्यांदा. फोटोत भिंतीला टेकवलेली एक रॅकेट, तारा सैल, आणि शेजारी माप म्हणून दुसरी रॅकेट.